पावणेचार फेऱ्यांचं गणित: व्हीलचेअर रेसर नेमका किती वेगाने जातो?

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये पॅरा अॅथलेटिक्सची जागतिक स्पर्धा झाली. भारताने २२ पदकं जिंकली आणि आपल्या सगळ्यांच्या फीडवर भालाफेक, उंच उडी, धावण्याच्या शर्यती यांच्या रील्सचा पाऊस पडला. त्या २२ पदकांत व्हीलचेअर रेसिंगचं एकही नव्हतं. त्यामुळे असेल कदाचित, पण ट्रॅकवर तीन चाकांवर झेपावणाऱ्या त्या शर्यतींबद्दल आपल्याकडे फारसं बोललं गेलं नाही. आणि जे बोललं गेलं, ते बहुतेक ‘जिद्द’ आणि ‘प्रेरणा’ या दोन शब्दांत संपलं.

शर्यत म्हटली की पहिला प्रश्न असायला हवा, वेग किती? क्रिकेटमध्ये बॉलरचा स्पीड दशांशासकट सांगणारे आपण इथे मात्र ‘भन्नाट वेगाने’ एवढ्यावर भागवतो. खरं तर हा वेग काढायला तुम्हाला स्पीडगन लागत नाही. शर्यतीचा व्हिडिओ, कोपऱ्यात दिसणारं घड्याळ आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर, बस्स. फक्त त्यात दोन-तीन सापळे आहेत आणि त्यात अडकलात तर उत्तर ताशी दोन किलोमीटरने चुकतं. १५०० मीटरची शर्यत घेऊन आपण ते नीट पाहू.

पहिली फेरी फेरीच नसते

अॅथलेटिक्सचा ट्रॅक ४०० मीटरचा असतो. १५०० ला ४०० ने भागा, उत्तर ३.७५. म्हणजे पावणेचार फेऱ्या. शर्यत संपते ती सरळ पट्ट्याच्या शेवटी असलेल्या फिनिश लाइनवर. मग पावणेचार फेऱ्या बसवायच्या तर सुरुवात फिनिश लाइनवरून होऊच शकत नाही. ती होते ३०० मीटर मागे, म्हणजे ट्रॅकच्या पलीकडच्या बाजूला, पहिलं वळण संपता संपता.

त्यामुळे रेसर फिनिश लाइन एकूण चार वेळा ओलांडतो. पहिल्यांदा ३०० मीटर झाल्यावर, मग ७०० वर, मग ११०० वर आणि शेवटी १५०० वर. ११०० वर घंटा वाजते, म्हणजे शेवटची फेरी सुरू. या चार क्षणांची वेळ टिपली की तुमच्याकडे चार ‘लॅप टाइम’ येतात. पण त्यातला पहिला ३०० मीटरचा आहे आणि उरलेले तीन ४०० मीटरचे. ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, कारण गडबड नेमकी इथेच होते.

आता एक शर्यत कल्पून घेऊ. आकडे मी हिशेबाला सोपे जावेत म्हणून घेतलेत, पण वरच्या दर्जाच्या पुरुषांच्या शर्यतीत शोभतील असे आहेत. पहिले ३०० मीटर ३८ सेकंदांत. पुढची फेरी ४८ सेकंदांत. त्यापुढची ४७ सेकंदांत. आणि घंटा वाजल्यावरची शेवटची फेरी ४० सेकंदांत. बेरीज १७३ सेकंद, म्हणजे २ मिनिटं ५३ सेकंद.

सरासरी वेग म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ. १५०० भागिले १७३ म्हणजे सेकंदाला ८.६७ मीटर. याला ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात, कारण एका तासात ३६०० सेकंद आणि एका किलोमीटरमध्ये १००० मीटर. उत्तर येतं ताशी ३१.२ किलोमीटर. शहरातल्या गर्दीच्या रस्त्यावर तुमची स्कूटी जेवढ्या वेगाने जाते, साधारण तेवढा. फक्त इथे इंजिन नाही, गिअर नाही, साखळी नाही. रेसिंग चेअरला गिअर किंवा लीव्हर लावायला नियमानेच बंदी आहे. हातमोजे घातलेले दोन हात मागच्या चाकांना जोडलेल्या रिंगवर आपटत आणि ढकलत राहायचं, एवढंच.

सापळा कुठे आहे?

आता हाच हिशेब घाईत कसा केला जातो ते बघा. चार लॅप टाइम आहेत ना, मग त्यांची सरासरी काढू. १७३ भागिले ४, म्हणजे ४३.२५ सेकंद. एक फेरी ४०० मीटरची, म्हणून ४०० भागिले ४३.२५. उत्तर ताशी ३३.३ किलोमीटर! एकदम दोन किलोमीटरची वाढ. कारण साधं आहे. आपण नकळत पहिल्या ३०० मीटरला ४०० मीटर धरलं आणि रेसरला न कापलेले १०० मीटर फुकट बहाल केले. १६०० मीटरच्या अंतराला १५०० मीटरच्या वेळेने भागलं.

दुसरी पद्धत जरा हुशार वाटते. प्रत्येक टप्प्याचा वेग वेगळा काढायचा आणि मग चार वेगांची सरासरी घ्यायची. आपल्या शर्यतीत पहिला टप्पा ताशी २८.४, दुसरा ३०, तिसरा ३०.६ आणि शेवटचा ३६ किलोमीटर. यांची सरासरी ३१.२७ येते. खरं उत्तर ३१.२१. फरक इतका किरकोळ की सोडून द्यावासा वाटतो. पण तो वेळेत बदलून पाहा. ताशी ३१.२७ च्या वेगाने १५०० मीटर कापायला १७२.७ सेकंद लागतील, म्हणजे पाव सेकंदाहून थोडं जास्त कमी. शेवटच्या फेरीत रेसर सेकंदाला १० मीटर जातोय. पाव सेकंद म्हणजे अडीच ते तीन मीटर. चुरशीच्या शर्यतीत एवढ्या अंतरात सुवर्ण आणि चौथा क्रमांक दोन्ही मावतात.

ही पद्धत का चुकते? कारण वेगांची सरासरी काढताना आपण प्रत्येक टप्प्याला सारखंच महत्त्व देतो. प्रत्यक्षात रेसर ४८ सेकंद ताशी ३० ने चालला होता आणि ३६ ने फक्त ४० सेकंद. हळू टप्प्यात माणूस जास्त वेळ घालवतो, म्हणून सरासरीवर त्याचं वजन जास्त पडतं. कॉलेजला जाताना पहिला अर्धा रस्ता ताशी २० ने आणि उरलेला अर्धा ताशी ६० ने गेलात तर सरासरी ४० येत नाही, ३० येते. तोच हिशेब. लॅप जितक्या एकसारख्या, तितकी ही चूक लहान. लॅपमध्ये चढउतार जास्त, तर चूक मोठी. एकूण अंतर भागिले एकूण वेळ या पद्धतीला मात्र कसलाच धोका नाही.

घड्याळ कोणाचं चाललंय?

समजा तुम्ही हिशेब बरोबर केला. तरीही एक प्रश्न उरतो. टीव्हीवर प्रत्येक फेरीनंतर जी वेळ झळकते, ती कोणाची? ती असते त्या क्षणी पुढे असणाऱ्याची. आणि व्हीलचेअर शर्यतीत पुढे असणारा माणूस दर फेरीला बदलू शकतो.

आपल्या शर्यतीत समजा ११०० मीटरवर पहिला रेसर पुढे होता, घड्याळात २ मिनिटं १३ सेकंद. शर्यत जिंकली मात्र त्याच्या मागे असलेल्या दुसऱ्याने, जो ती रेघ ०.८ सेकंद उशिरा ओलांडून गेला. मग जिंकणाऱ्याची शेवटची फेरी ४० सेकंदांची नव्हतीच. ती ३९.२ सेकंदांची होती. वेग ताशी ३६ नाही, ३६.७. स्क्रीनवरचे आकडे एकमेकांतून वजा करून तुम्ही जी फेरी काढलीत, ती एकाने सुरू केली आणि दुसऱ्याने संपवली. अशी फेरी कोणीच मारलेली नाही.

गंमत अशी, की जिंकणाऱ्याचा एकूण सरासरी वेग यामुळे जराही बदलत नाही. बंदुकीच्या आवाजाला सगळ्यांचं घड्याळ एकत्र सुरू झालं आणि फिनिशला त्याची स्वतःची वेळ नोंदली गेली. म्हणून नियम लक्षात ठेवा: सरासरी वेगासाठी स्क्रीनवरच्या शेवटच्या वेळेवर भरवसा ठेवा, पण लॅपचा वेग हवा असेल तर व्हिडिओ थांबवून आपल्याच रेसरवर नजर ठेवा. कोणता क्षण पकडायचा? व्हीलचेअर शर्यतीत छाती किंवा डोकं मोजत नाहीत. पुढच्या चाकाच्या अॅक्सलचा मध्य रेषेवर आला की वेळ.

स्टॉपवॉचने हे करताना तुमचा अंगठा ०.२ सेकंद इकडेतिकडे होईलच. १७३ सेकंदांत ही चूक हजारात एक एवढीच आहे, पण ३९ सेकंदांच्या फेरीत ती दोनशेत एक होते. म्हणजे एका फेरीचा वेग दोन दशांशांपर्यंत सांगणारी पोस्ट दिसली, तर तिच्या दुसऱ्या दशांशावर शंका घ्यायला हरकत नाही.

कागदावरचे १५०० आणि चाकाखालचे १५००

आणखी एक बारीक गोष्ट आहे आणि मला या सगळ्या हिशेबात ती सर्वांत रंजक वाटते. ट्रॅक ४०० मीटरचा आहे म्हणजे नक्की कुठून मोजला? आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेरून. धावपटू त्या रेषेच्या जवळपास धावू शकतो. रेसिंग चेअरचं तसं नाही. तिची मागची दोन चाकं खाली फाकलेली असतात. आतलं चाक कडेला घासू नये म्हणून अख्खी चेअर थोडी बाहेर ठेवावी लागते. ओव्हरटेक करायचं तर आणखी बाहेर यावं लागतं.

वळणावर बाहेर आलं की अंतर वाढतं. किती? दोन वळणं मिळून एक पूर्ण वर्तुळ होतं. वर्तुळाची त्रिज्या एक मीटरने वाढवली तर परीघ ६.२८ मीटरने वाढतो, ट्रॅक कितीही मोठा असो. दहावीच्या भूमितीतला दोन पाय आर इथे कामाला येतो. आपल्या विजेत्याने शेवटची पूर्ण फेरी आतल्या रेषेपासून एक मीटर बाहेरून मारली असेल, तर ३९.२ सेकंदांत तो ४०० नाही, ४०६ मीटर गेला. त्याच्या चाकाला स्पीडोमीटर लावला असता तर सरासरी ३६.७ ऐवजी ३७.३ दिसली असती.

पूर्ण १५०० मीटरमध्ये सात वळणं आणि आठव्या वळणाचा एक तुकडा येतो. कोणी सगळी शर्यत एक मीटर बाहेरून काढली तर त्याला सुमारे २२ मीटर जास्त कापावे लागतात. ताशी ३१ किलोमीटरला हे अडीच सेकंद झाले. म्हणजे अधिकृत सरासरी वेग हा रेसर ‘किमान’ किती वेगाने गेला एवढंच सांगतो. बाहेरून फिरलेल्याचा खरा वेग त्यापेक्षा नेहमीच जास्त. निकालाच्या यादीत चौथा दिसणारा माणूस कधी कधी मैदानावर सर्वांत वेगवान असू शकतो.

मधल्या फेऱ्या संथ का?

आता आपल्या चार आकड्यांकडे पुन्हा बघा. ३८, ४८, ४७, ४०. पहिला टप्पा हळू असणं समजण्यासारखं आहे, चेअर उभी होती आणि शून्यातून वेग घ्यायचा होता. पण जो माणूस ४० सेकंदांत फेरी मारू शकतो, तो मधल्या दोन फेऱ्या ४८ आणि ४७ ला का मारतो?

उत्तर हवेत आहे, अगदी शब्दशः. ताशी ३० किलोमीटरच्या वर रेसरचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे समोरची हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो विरोध मोडून काढायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. ताशी ३० वरून ३६ वर जायचं म्हणजे वेग २० टक्क्यांनी वाढला, पण हवेशी लढायला लागणारी शक्ती जवळजवळ पाऊणपटीने वाढते. म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याच्या अगदी मागे चिकटून चालतो. पुढचा हवा कापतो, मागचा त्या आडोशात ताकद वाचवतो. सायकलिंगमध्ये याला ड्राफ्टिंग म्हणतात, इथेही तोच शब्द आहे.

पुढे राहणं महाग असल्यामुळे पुढे जायला कोणी तयार नसतो. शर्यत मंदावते, घंटा वाजते आणि मग सगळे एकदम सुटतात. त्यामुळे मोठ्या फायनलमधला सरासरी वेग पुष्कळदा रेसरांच्या खऱ्या क्षमतेपेक्षा कमी असतो. पदकाच्या शर्यतीत वेळेला पदक मिळत नाही, क्रमांकाला मिळतं. वेगवान वेळा नोंदवायच्या तर रेसर स्वित्झर्लंडमधल्या नॉटविल आणि अर्बोनसारख्या ठिकाणांची वाट धरतात. तिथले ट्रॅक व्हीलचेअरसाठी वेगवान म्हणून प्रसिद्ध आहेत.

म्हणून एखाद्याची सरासरी ताशी ३१ आणि दुसऱ्याची ३०, एवढ्यावरून पहिला चांगला असं म्हणता येत नाही. दोघांच्या लॅप पाहा. सगळ्या फेऱ्या ४६ च्या आसपास असतील तर कोणीतरी सुरुवातीपासून दामटलंय. शेवटची फेरी बाकीच्यांपेक्षा सात-आठ सेकंदांनी वेगवान असेल तर ती डावपेचांची शर्यत होती. सरासरी हे सगळं गिळून टाकते.

धावपटूपेक्षा वेगवान?

आता त्या तुलनेकडे येऊ, जी प्रत्येक रीलच्या कमेंटमध्ये असतेच. १५०० मीटर धावण्याचा जागतिक विक्रम मोरोक्कोच्या हिशाम एल गेरूजचा, ३ मिनिटं २६ सेकंद, रोममध्ये १९९८ साली. सरासरी ताशी २६.२ किलोमीटर. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये स्वित्झर्लंडच्या मार्सेल हुगने टी ५४ गटात हेच अंतर २ मिनिटं ५० सेकंदांच्या किंचित आत कापलं. सरासरी ताशी ३१.८ च्या आसपास. दोघं एकत्र सुटले असते आणि एल गेरूज एकसारख्या वेगाने धावला असता, तर हुगने रेघ ओलांडली तेव्हा तो २६० मीटर मागे असता.

पण हे नेहमीच असं नव्हतं. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये पुरुषांची १५०० मीटर व्हीलचेअर शर्यत प्रदर्शनीय प्रकार म्हणून घेतली गेली. बेल्जियमच्या पॉल व्हॅन विंकलने ती ३ मिनिटं ५८.५ सेकंदांत जिंकली. सरासरी ताशी २२.६. त्याच ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनच्या सेबॅस्टियन कोने १५०० मीटर धावून ३ मिनिटं ३२.५३ सेकंदांत सुवर्ण घेतलं. सरासरी ताशी २५.४. म्हणजे त्या वर्षी धावपटू २६ सेकंदांनी पुढे होता.

चार दशकांहून कमी काळात माणसाचे हात एवढे बदलले नाहीत. बदलली ती चेअर आणि तिच्यात बसण्याची पद्धत. चार चाकांची जागा लांब सांगाड्याच्या तीन चाकांनी घेतली. रेसर गुडघ्यांवर बसून पुढे झुकू लागला, त्यामुळे हवेला भिडणारं अंग कमी झालं. पुढच्या चाकाला कॉम्पेन्सेटर नावाची छोटी यंत्रणा आली. वळण आलं की हाताने एक टोला द्यायचा, चाक वळणाच्या कोनात बसतं. सरळ पट्टा आला की उलटा टोला. पूर्वी वळणावर दिशा सांभाळण्यात जाणारा हात आता ढकलायला मोकळा झाला. ताशी २२.६ वरून ३१.८ वर जायला, शरीराचा आकार तोच राहिला असता तर हवेशी लढायला पावणेतीन पटीहून जास्त शक्ती लागली असती. एवढी वाढ फक्त दंडांतून येत नाही.

म्हणून ‘व्हीलचेअरवाला धावपटूला हरवतो’ या वाक्यात आकडा खरा असला तरी तुलना फसवी आहे. चाक दोन धक्क्यांच्या मध्येही पुढे घरंगळत राहतं, पाय तसं करत नाहीत. तुलना करायची तर गटातच करा. टी ५४ मधल्या रेसरचं धड काम करतं, त्यामुळे तो प्रत्येक धक्क्याला कमरेतून जोर लावू शकतो. टी ५३ मधल्याला ते जमत नाही. टी ५१ आणि टी ५२ मध्ये हातांच्या ताकदीवरही मर्यादा असते. तिथे ताशी ३१ शोधणं म्हणजे स्पिनरकडे ताशी १४५ चा बॉल मागणं.

तर पुढच्या वेळी १५०० मीटरची व्हीलचेअर शर्यत समोर आली, तर आधी गट बघा. मग फिनिश लाइनवर नजर ठेवून ३००, ७००, ११०० आणि १५०० ला आपल्या रेसरची वेळ टिपा. शेवटच्या वेळेने १५०० ला भागा, ३.६ ने गुणा. हा झाला सरासरी वेग. मग चार टप्पे शेजारी शेजारी मांडा. कोणी हवा कापली, कोण आडोशाला बसून राहिला आणि घंटा वाजल्यावर कोणाच्या हातात ताकद उरली होती, हे त्या चार आकड्यांत दिसेल.